अनवाणी पावलाच्या ठशावरून उंचीचा अंदाज: मोजमापापासून अहवालापर्यंत

फरशीवर अनवाणी पावलाचा ठसा सापडतो. कोणीतरी पट्टी लावतं, लांबी २५.२ सेंटिमीटर भरते. पायाची लांबी उंचीच्या साधारण १५ टक्के असते हे कुठेतरी वाचलेलं असतं, म्हणून २५.२ ला ०.१५ ने भागलं जातं आणि टिपणात लिहिलं जातं: 'संशयिताची उंची १६८ सेंटिमीटर'. दोन ओळींच्या या हिशेबात तीन चुका आहेत. १५ टक्क्यांचं प्रमाण प्रत्यक्ष पायाच्या लांबीचं आहे, ठशाच्या लांबीचं नाही. असा सरळ भागाकार फक्त सरासरीच्या आसपासच्या माणसांना बरा लागू पडतो. आणि ठशावरून उंचीचा एकच आकडा कधीच मिळत नाही, मिळतो तो पल्ला: इतक्यापासून इतक्यापर्यंत.

याच ठशाचं काम नीट केलं तर उत्तर कसं बदलतं हे आपण एका उदाहरणातून शेवटपर्यंत पाहणार आहोत. लेख मुख्यतः कठीण, सपाट पृष्ठभागावरच्या प्रौढ व्यक्तीच्या अनवाणी ठशाबद्दल आहे. बूट आणि हाताचे ठसे यांच्याबद्दल शेवटी थोडक्यात लिहिलं आहे, कारण मूळ पद्धत तीच आहे, फक्त चूक वाढते.

## सुरुवात करण्यापूर्वी

साहित्य फार लागत नाही: काटकोनी मोजपट्टी, तिपाई, तिरका प्रकाश टाकता येईल असा दिवा, आणि फोटोवर मोजमाप करण्यासाठी एखादा प्रोग्रॅम. मोफत मिळणाऱ्या `ImageJ` मध्ये `Analyze > Set Scale` वापरून हे काम चांगलं होतं.

साहित्यापेक्षा एक शिस्त महत्त्वाची आहे. मोजणाऱ्या माणसाला कोणत्याही संशयिताची उंची आधी माहीत असता कामा नये. ठशाची कड कुठे धरायची हा निर्णय बऱ्याचदा दोन-चार मिलिमीटर इकडे-तिकडे जाऊ शकतो. 'माणूस उंच आहे' हे कानावर पडलेलं असेल तर हात नकळत बाहेरची कड धरतो. यात लबाडी नसते, माणसाचं डोकंच तसं चालतं. म्हणून मोजमाप संपून नोंदीवर सही होईपर्यंत ती माहिती मोजणाऱ्यापासून दूर ठेवा.

## टप्पा १: फोटो असा घ्या की तो मोजता येईल

नुसता ठसा दिसणारा फोटो पुराव्यात चालतो, मोजमापासाठी चालत नाही. कॅमेरा तिपाईवर, ठशाच्या बरोबर मध्यावर आणि जमिनीला अचूक समांतर असला पाहिजे. पट्टी ठशाच्या शेजारी, त्याच पातळीवर ठेवा. काटकोनी पट्टीची एक भुजा ठशाच्या लांबीला समांतर आणि दुसरी टाचेच्या किंवा बोटांच्या बाजूने रुंदीला समांतर असावी.

कॅमेरा फक्त १० अंशांनी कलला तरी त्या दिशेने ठशाची लांबी सुमारे दीड टक्का कमी दिसते. २५ सेंटिमीटरच्या ठशात हे जवळजवळ ४ मिलिमीटर झाले. पुढे आपण वापरणार असलेल्या समीकरणात ठशाचा १ सेंटिमीटर म्हणजे उंचीचे ४ सेंटिमीटर, म्हणजे या एका निष्काळजीपणाने उंचीत दीड सेंटिमीटर गेला.

ठसा चिखलात किंवा वाळूत रुतलेला असेल तर पट्टी वरच्या जमिनीवर ठेवू नका. ठशाच्या बाजूला खणून पट्टी ठशाच्या तळाच्या पातळीवर आणा. कॅमेरा पट्टीपासून १ मीटरवर असताना ठशाचा तळ पट्टीपेक्षा २ सेंटिमीटर खोल असला, तर ठसा सुमारे २ टक्के लहान दिसतो. म्हणजे लांबीत ५ मिलिमीटर आणि उंचीत २ सेंटिमीटर.

तपासा: न्यायवैद्यक पट्टीवर छापलेली वर्तुळं फोटोत खरोखर गोल दिसतात का ते पाहा. ती लंबगोल दिसली तर कॅमेरा कललेला होता. पट्टीच्या दोन्ही भुजांवर ५ सेंटिमीटरचं अंतर मोजून पाहा, दोन्हीकडे पिक्सेल सारखेच आले पाहिजेत.

सावधान: ओल्या पायाचा ठसा वाळताना कडांकडून आत सरकत जातो. असा ठसा दिसला की बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्याचा फोटो घ्या आणि फोटोची वेळ नोंदवा.

## टप्पा २: कोणता ठसा मोजायचा आणि कोणता सोडायचा

एकाच माणसाचे चार-पाच ठसे मिळाले की सगळ्यांची सरासरी काढायची घाई होते. आधी प्रत्येक ठसा कसा उमटला ते वाचा.

चालताना टाच टेकते, भार पुढे सरकतो आणि शेवटी बोटांनी जमीन मागे ढकलली जाते. घसरणाऱ्या फरशीवर टाच टेकताना पुढे ओढली जाते किंवा बोटं निघताना मागे फरफटतात, आणि ठसा लांबतो. धावताना कधी फक्त चवडाच उमटतो. वळताना पाऊल गोल फिरतं आणि अंगठ्याची टोकाकडची कड दुहेरी दिसते. असे ठसे कितीही ठळक असले तरी लांबीसाठी निरुपयोगी आहेत.

आपल्या उदाहरणात फरशीवर धुळीत उजव्या पायाचे चार ठसे आणि डाव्या पायाचा एक अर्धवट ठसा आहे. डाव्याची टाच उमटलेली नाही, म्हणून तो लगेच बाद. उजव्या पायाचे तीन ठसे नजरेला सारखेच दिसतात. चौथ्याच्या टाचेमागे धूळ एका दिशेने ओढल्याचे बारीक समांतर ओरखडे आहेत, म्हणजे पाय घसरला होता. तोही बाद. हा निर्णय मोजण्याआधी आणि कारणासह लिहून ठेवायचा. आधी मोजून मग 'हा जरा मोठा आला, सोडून देऊ' असं केलं, तर आपण आपल्याला हवं ते उत्तर निवडत असतो.

पायमोजा घातलेल्या पायाचा ठसा अनवाणी ठशात मिसळू नका. कापडाच्या विणीची नक्षी दिसली किंवा बोटं एकमेकांत मिसळून एकच फुगीर कड दिसली, तर तो वेगळा प्रकार धरा.

## टप्पा ३: समीकरण मोजण्याआधी निवडा

इथे क्रम चुकतो आणि पुढचं सगळं चुकतं. बहुतेक जण आधी मोजतात आणि मग एखादं समीकरण शोधतात. पण 'ठशाची लांबी' म्हणजे नेमकं काय, हे प्रत्येक समीकरणात वेगळं असू शकतं. म्हणून आधी समीकरण निवडा, त्यामागच्या अभ्यासात लांबी कशी घेतली ते वाचा, आणि मग तशीच मोजा.

रिग्रेशन समीकरण बनवताना ज्या लोकांची उंची आणि ठसे दोन्ही प्रत्यक्ष मोजलेले आहेत असा एक गट घेतात आणि त्या आकड्यांमधून सर्वांत जवळून जाणारी सरळ रेषा काढतात. समीकरण म्हणजे ती रेषा. त्यामुळे ते त्या गटापुरतंच खरं असतं. निवडताना चार गोष्टी जुळवून घ्या.

पहिली, लोकसमूह. पाय आणि उंची यांचं प्रमाण सगळीकडे सारखं नसतं. दुसरी, लिंग. पुरुष आणि स्त्रिया यांची समीकरणं वेगळी असतात. ठसा कोणाचा हे माहीत नसेल तर दोन्ही चालवा आणि दोन्ही उत्तरं लिहा. तिसरी, वय. प्रौढांचं समीकरण वाढत्या वयाच्या मुलांना लावू नका. पौगंडात पाऊल उंचीच्या आधी पूर्ण वाढतं, त्यामुळे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची उंची या समीकरणाने बरीच जास्त निघते. उतारवयातही त्याच दिशेने फरक पडतो. मणका आखडतो, उंची घटते, पण पाऊल तेवढं घटत नाही. चौथी गोष्ट, आणि हीच सर्वांत जास्त वेळा चुकते: समीकरण पायाच्या लांबीचं आहे की ठशाच्या?

पायाची लांबी टाचेच्या मागच्या टोकापासून सर्वांत पुढच्या बोटाच्या टोकापर्यंत घेतात. ठसा त्याहून आखूड असतो, कारण टाचेचा मागचा गोलावा आणि बोटांची वर वळलेली टोकं जमिनीला टेकतच नाहीत. हा फरक साधारण १ ते २ सेंटिमीटर असतो. ठशाची लांबी पायाच्या समीकरणात घातली की माणूस काही सेंटिमीटरने बुटका निघतो. सुरुवातीच्या १६८ मध्ये नेमकं हेच झालं होतं.

आपल्या उदाहरणासाठी मी एक समीकरण गृहीत धरतो. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, प्रत्यक्ष प्रकरणात वापरायचे नाहीत. समजा, २०० प्रौढ पुरुषांच्या गटात सरासरी उंची १६८ सेंटिमीटर आहे, ठशाची सरासरी लांबी २४.० सेंटिमीटर आहे, आणि त्यावरून हे समीकरण निघालं आहे:

उंची = ७२ + ४ × उजव्या ठशाची लांबी (सगळं सेंटिमीटरमध्ये)

या समीकरणाची प्रमाण त्रुटी ४.४ सेंटिमीटर. म्हणजे गटातल्या माणसांची खरी उंची या रेषेपासून साधारण इतकी वर-खाली विखुरलेली आहे. रेषेपासून ४.४ सेंटिमीटरच्या आत सुमारे दोन तृतीयांश माणसं सापडतील.

तपासा: समीकरणासोबत प्रमाण त्रुटी, गटातल्या ठशांची सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी लांबी, आणि ठसे उभं राहून घेतले की चालताना, हे तिन्ही दिलेलं आहे ना? प्रमाण त्रुटी दिलेली नसेल तर ते समीकरण वापरूच नका. त्याशिवाय टप्पा ६ करता येत नाही, आणि टप्पा ६ शिवाय उत्तर अर्धवट राहतं.

## टप्पा ४: मोजमाप

ठशात टाचेच्या सर्वांत मागच्या बिंदूवर खूण करा. मग प्रत्येक बोटाच्या सर्वांत पुढच्या बिंदूवर खूण करा. टाचेच्या बिंदूपासून प्रत्येक बोटाच्या टोकापर्यंत सरळ रेषा काढा. या पाच लांब्यांपैकी समीकरणाला जी हवी तीच घ्यायची. आपलं समीकरण अंगठ्याच्या रेषेचं आहे असं धरू.

काही माणसांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं. अशा ठशात 'सर्वांत लांब रेषा' आणि 'अंगठ्याची रेषा' वेगवेगळ्या निघतात. समीकरण अंगठ्याचं असेल तर दुसरं बोट कितीही पुढे असू दे, अंगठाच मोजायचा. काही अभ्यासांत बोटापर्यंतच्या रेषेऐवजी पावलाच्या मधल्या अक्षाला समांतर लांबी घेतात. त्यातही काही मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणून व्याख्या शब्दशः वाचा.

आता खरा अवघड भाग. चालताना उमटलेल्या ठशात टाचेच्या मागे आणि बोटांच्या पुढे एक फिकट कड दिसते. आत गडद भाग असतो आणि त्याभोवती सावलीसारखी फिकी झालर. स्थिर उभ्या माणसाच्या ठशात ती सहसा दिसत नाही. टाच टेकताना आणि बोटं उचलताना कातडीचा जो भाग क्षणभरच टेकतो, त्याची ती खूण असते. मग कड आतली धरायची की बाहेरची? तुमच्या समीकरणाच्या अभ्यासात जी धरली असेल ती. त्या अभ्यासात स्थिर ठसे असतील आणि तुमचा ठसा चालतानाचा असेल, तर आतली गडद कड धरणं जास्त सुरक्षित, पण स्थिर आणि चालता ठसा एकसारखे नसतात हे अहवालात लिहावंच लागतं.

आपल्या ठशांत आतल्या कडेपर्यंत लांबी २५.२ च्या आसपास येते आणि झालरीसह २६.० येते. ८ मिलिमीटरचा हा फरक उंचीत ३.२ सेंटिमीटर होतो. या संपूर्ण प्रक्रियेत मोजणाऱ्याच्या हातात असलेली सर्वांत मोठी चूक मला हीच वाटते, कारण ती करूनही आकडा अगदी व्यवस्थित दिसतो आणि कोणालाच शंका येत नाही.

प्रत्येक ठसा दोनदा मोजा, मध्ये पुरेसा वेळ जाऊ द्या, आणि दुसऱ्या माणसाकडून स्वतंत्रपणे मोजून घ्या. आपल्या तीन ठशांवर पहिल्या माणसाला २५.१, २५.३ आणि २५.२ मिळाले, दुसऱ्याला २५.२, २५.२ आणि २५.३. फरक कुठेच १ मिलिमीटरच्या वर नाही. सरासरी २५.२ धरू.

तपासा: दोघांच्या मोजमापात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर सरासरी काढून तो झाकू नका. बहुतेक वेळा दोघांनी वेगवेगळी कड धरलेली असते. फोटोवर दोघांच्या खुणा एकत्र ठेवून पाहा.

## टप्पा ५: हिशेब

७२ + ४ × २५.२ = १७२.८ सेंटिमीटर.

हा मध्यबिंदू. इथेच थांबायचं नाही, पण त्याआधी एक मोह टाळायचा आहे. काही जण समीकरणाऐवजी गुणक वापरतात: सरासरी उंची भागिले सरासरी ठसा, म्हणजे १६८ ÷ २४ = ७. मग २५.२ × ७ = १७६.४. समीकरणापेक्षा साडेतीन सेंटिमीटर जास्त. आता २२ सेंटिमीटरचा लहान ठसा घ्या. समीकरण १६० सांगतं, गुणक १५४. गुणक असं धरून चालतो की ठसा जितक्या टक्क्यांनी मोठा, उंचीही तितक्याच टक्क्यांनी मोठी. शरीर असं वाढत नाही. मोठ्या पायाची सगळीच माणसं उंच नसतात, काहींचे पाय उंचीच्या मानाने मोठे असतात. समीकरण हे लक्षात घेतं, गुणक घेत नाही. सरासरीपासून ठसा जितका दूर, तितका गुणक जास्त फसतो, आणि तपासात नेमके तेच ठसे लक्ष वेधून घेतात.

ठसा स्त्रीचा असेल का हेही पाहू. समजा, स्त्रियांच्या गटात सर्वांत मोठा ठसा २४.६ सेंटिमीटरचा होता. आपला २५.२ त्याच्या बाहेर आहे. तिथे समीकरण चालवून आकडा काढता येतो, पण त्याला आधार नाही, कारण त्या लांबीचा एकही ठसा त्या गटात नव्हता. अहवालात लिहायचं: 'ठसा स्त्रियांच्या संदर्भगटाच्या मर्यादेबाहेर आहे, त्या समीकरणाने अंदाज दिलेला नाही.' 'ठसा पुरुषाचाच आहे' असं यातून सिद्ध होत नाही.

## टप्पा ६: पल्ला काढा, आणि तो नीट वाचा

एखाद्या नव्या माणसाची उंची ९५ टक्के वेळा ज्यात सापडेल असा पल्ला काढण्यासाठी प्रमाण त्रुटीला साधारण १.९६ ने गुणतात. समीकरण मर्यादित लोकांवर बेतलेलं असतं, म्हणून त्यात आणखी किंचित भर पडते. २०० जणांच्या गटात आणि सरासरीच्या फार दूर नसलेल्या ठशासाठी ती नगण्य असते. आपल्याकडे ४.४ × १.९६ म्हणजे ८.६, भर धरून ८.७. म्हणून पल्ला १६४.१ ते १८१.५. टोकं बाहेरच्या बाजूला पूर्णांकात न्या: १६४ ते १८२ सेंटिमीटर.

जवळजवळ १८ सेंटिमीटर. पहिल्यांदा हे पाहणारा हिरमुसतो आणि पल्ला अरुंद करण्याचे मार्ग शोधू लागतो. सर्वांत सामान्य मार्ग म्हणजे 'आमच्याकडे एक नाही, तीन ठसे आहेत, म्हणून चूक कमी'. हे चूक आहे. तीन ठशांनी या माणसाच्या ठशाची लांबी जास्त पक्की कळते, एवढंच. पण ४.४ ची त्रुटी मुख्यतः मोजमापातून येत नाही. २५.२ सेंटिमीटरचा ठसा असलेल्या शंभर माणसांच्या मांड्या, पोटऱ्या आणि धड वेगवेगळ्या लांबीचे असतात, तिथून ती येते. त्याच माणसाचे तीनशे ठसे मोजले तरी त्याच्या धडाची लांबी कळणार नाही. डावा आणि उजवा ठसा मिळाले तरी तेच, कारण दोन्ही एकाच शरीराचे आहेत.

आता या पल्ल्याची तुलना अशा स्थितीशी करा जिथे ठसाच मिळाला नसता. या गटातल्या पुरुषांची उंची १६८ च्या भोवती ६.५ सेंटिमीटरच्या प्रमाण विचलनाने पसरलेली आहे असं धरू. म्हणजे काहीही न पाहता ९५ टक्के पुरुष १५५ ते १८१ मध्ये येतात. ठशानंतर पल्ला १६४ ते १८२ झाला. नीट पाहा, वरचं टोक जवळजवळ जागेवरच राहिलं. ठशाने आपल्याला फक्त खालच्या बाजूचं सांगितलं: हा माणूस बुटका असण्याची शक्यता कमी आहे. तो किती उंच असू शकेल याबद्दल ठशाने काहीच भर घातली नाही. अहवाल वाचणाऱ्याला हे एक वाक्य १७२.८ या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतं.

सावधान: समीकरण फार उंच आणि फार बुटक्या माणसांना सरासरीकडे ओढतं. आपल्या गृहीत गटात १८६ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषांचे ठसे सरासरी २६.४-२६.५ चे असतील, आणि समीकरण त्यांना सरासरीने १७८ च्या आसपास दाखवेल. आठ सेंटिमीटर कमी. तसंच खूप बुटक्या माणसाला ते उंच दाखवतं. समीकरण 'या लांबीच्या ठशाच्या माणसाची सरासरी उंची किती' याचंच उत्तर देतं, त्याचा हा अपरिहार्य परिणाम आहे. म्हणून संशयित खूप उंच किंवा खूप बुटका असेल तर पल्ल्याबाहेर पडणं तितकंसं आश्चर्याचं मानू नका.

तपासा: शक्य असेल तर ज्या लोकांवर समीकरण बेतलेलं नाही अशा, पण त्याच लोकसमूहातल्या माणसांवर ते चालवून पाहा. उंची आणि ठसे माहीत असलेल्या ५० जणांपैकी ४७-४८ जण पल्ल्यात यायला हवेत. ४० च आले, तर हे समीकरण तुमच्या लोकांसाठी योग्य नाही. सगळ्या चुका एकाच दिशेला झुकत असतील, तर आधी मोजण्याची व्याख्या तपासा. बहुधा कड वेगळी धरलेली असते, किंवा पायाचं समीकरण ठशाला लावलेलं असतं.

## टप्पा ७: संशयिताच्या उंचीशी तुलना

आता, आणि आताच, संशयितांच्या उंच्या मागवा. त्या मोजलेल्या हव्यात. कागदपत्रांवरची किंवा स्वतः सांगितलेली उंची अनेकदा जास्त असते, विशेषतः पुरुषांच्या बाबतीत. मोजताना अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, नजर समोर क्षितिजसमांतर ठेवून उभं करा. दिवसभरात मणक्यातल्या चकत्या दबून उंची सकाळपेक्षा संध्याकाळी १ ते २ सेंटिमीटर कमी भरू शकते, म्हणून वेळ नोंदवा.

समजा तीन जण आहेत: १७५, १६६ आणि १८४ सेंटिमीटरचे. पहिले दोघे पल्ल्यात बसतात. १७५ मध्यबिंदूच्या जवळ आहे म्हणून 'तोच तो' असं म्हणण्याचा मोह होतो. ते म्हणू नका. त्या पल्ल्यात गटातले बहुसंख्य पुरुष बसतात, आणि १६६ वालाही आरामात बसतो. १८४ चा माणूस बाहेर आहे, मध्यबिंदूपासून ११.२ सेंटिमीटरवर. त्याला लगेच वगळायचं का? माझं मत, नाही. आधी टप्पा २ आणि ४ पुन्हा पाहा, आणि वरची सावधगिरीची सूचना आठवा: उंच माणसांना समीकरण नेहमीच कमी दाखवतं. त्याच्याबद्दल एवढंच लिहा की ठसा त्याच्या उंचीशी जुळण्याची शक्यता कमी आहे.

तिघेही हाताशी असतील तर उंचीच्या वळशाने जायचंच कशाला? त्यांच्याच पावलांचे ठसे घ्या, तशाच फरशीवर, चालवून, आणि ठशाची ठशाशी तुलना करा. उंचीचा अंदाज कामाचा असतो तो समोर माणूस नसताना, शोध कुठून सुरू करायचा हे ठरवण्यासाठी. ओळख पटवण्यासाठी त्याचा वापर करू नये.

अहवालातलं वाक्य साधारण असं असावं: 'उजव्या पायाच्या तीन अनवाणी ठशांच्या आतल्या कडेवरून अंगठ्यापर्यंतची सरासरी लांबी २५.२ सेंटिमीटर आहे. ठसा संदर्भगटासारख्याच प्रौढ पुरुषाचा असल्यास त्याची उंची १६४ ते १८२ सेंटिमीटरमध्ये असणं अपेक्षित आहे (९५ टक्के). चौथा ठसा घसरल्याच्या खुणांमुळे आणि डाव्या पायाचा ठसा अपूर्ण असल्यामुळे वापरलेला नाही.' मध्यबिंदू वेगळ्या ओळीत ठळक लिहू नका. बातमीत आणि चौकशीत तोच एक आकडा उचलला जातो आणि पल्ला मागे राहतो.

## बूट आणि हात

बुटाच्या तळव्याची लांबी पायापेक्षा जास्त असते. किती जास्त, हे बुटाच्या प्रकारावर ठरतं: खेळाचा बूट, टोकदार बूट आणि चप्पल यांत फरक १ सेंटिमीटरपासून ३ सेंटिमीटर आणि त्याहून जास्तही असतो. शिवाय माणूस आपल्या मापाचाच बूट घालतो असं नाही. तळव्याच्या नक्षीवरून बुटाचा प्रकार आणि माप कळलं, तर आधी त्या मापाच्या पायाचा पल्ला काढा आणि मग उंचीचा. दोन्ही पायऱ्यांची अनिश्चितता एकत्र करावी लागते, त्यामुळे पल्ला अनवाणी ठशापेक्षा रुंदच होतो. तो अरुंद आला तर हिशेबात कुठेतरी गडबड आहे.

हाताची लांबी मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजतात आणि ती उंचीच्या साधारण ११ टक्के असते. पण भिंतीवरच्या किंवा काचेवरच्या ठशात मनगटाची घडी क्वचितच उमटते. तळहाताची खालची कड मनगट समजून मोजली, तर लांबी एखाद सेंटिमीटरनेही कमी येऊ शकते आणि अंदाज काही सेंटिमीटरने घसरतो. म्हणून ठशात जेवढं उमटलं आहे तेवढ्यावरच बेतलेलं समीकरण हवं, उदाहरणार्थ फक्त तळव्याची किंवा फक्त मधल्या बोटाची लांबी. बोट वाकलेलं होतं का, हे त्याच्या सांध्याजवळच्या घडीत ठसा तुटला आहे का यावरून पाहा. तुटलेला असेल तर त्या बोटाची लांबी वापरू नका. हाताच्या ठशावरून येणारी प्रमाण त्रुटी बहुतेक वेळा पायापेक्षा जास्त असते.

भिंतीवर ठसा जमिनीपासून किती उंचीवर आहे, यावरून माणसाची उंची काढू नका. माणूस वाकलेला असतो, पायरीवर उभा असतो, हात वर करून टेकतो किंवा पडताना आधार घेतो. १५० सेंटिमीटरवर मिळालेला पंजा बुटक्याचाही असू शकतो आणि उंचाचाही. ही उंची घटनाक्रम समजण्यासाठी नोंदवा, मात्र उंचीच्या हिशेबात तिला जागा देऊ नका.